दीडशे पोती इकडची, दीडशे तिकडची

युरोपातल्या गिऱ्हाइकाने नेमलेल्या तपासनिसाचा अहवाल इंडोनेशियातल्या बितुंग बंदराजवळच्या आमच्या गोदामात आला, तेव्हा आमचे मालक ओम निको पहिल्या पानावरच थांबले. पुढची पानं वाचणं हे कारकुनाचं काम, असं ते मानतात. कारकून मी.

"माल कराराप्रमाणे नाही," त्यांनी वाचलं. "बुरशीचं विष जास्त. तीनशे पोती जायफळ, सगळं नापास! योपी, सियाऊ बेटावरच्या बायकांचं नाव यादीतून काढ."

त्या बायकांच्या गटाची प्रमुख, तांते देइत्जे (तांते म्हणजे मावशी, जसं ओम म्हणजे काका), समोरच बसली होती. बेटावरच्या चाळीस घरांचं जायफळ ती आणायची. आमच्या यादीतून नाव गेलं, तर बंदरातलं दुसरं कुणी त्यांच्या पोत्याला हात लावणार नव्हतं.

"आमचंच खराब कशावरून?"

"मग काय माझ्या बागेतलं?" ओम हसले. "तांते, तुम्ही बायका ओलं भरता. मी काय आज ओळखतो तुम्हाला?"

पदर नसल्यामुळे तांतेने रुमालच पिळला.

मी पान उलटलं. प्रयोगशाळेचा तक्ता. तपासनिसाने मालाचे दोन भाग करून वेगवेगळे नमुने काढले होते. नमुन्यांना मोहोर लावताना मी हजर होतो, पण ऐन वेळी ते कुणाला आठवतं! दोन भागांपैकी एक नापास म्हणून पहिल्या पानावर अख्खा माल नापास.

"ओम, विषाची मर्यादा दहाची आहे. पहिल्या भागात एक पूर्णांक नऊ. दुसऱ्यात तेवीस पूर्णांक चार."

"म्हणजे?"

"पहिला भाग पास."

"मग दुसरा यांचाच!"

"पोत्यांचे नंबर दिलेत. पहिला एक ते दीडशे." मी आवक वही उघडली. मलाही नोकरी टिकवायची होती. "एक ते दीडशे सियाऊ. एकशेएक्कावन्नपासून तीनशे..."

"वाच की रे!"

"तुमची बाग."

तांतेने रुमाल सोडला.

"गडबडीत बी सुकून कवचात खुळखुळायच्या आत कवच फोडलंत ना, ओम?" ती म्हणाली. "आमच्या आज्या मारायच्या त्यासाठी."

"जहाजाची वेळ गाठायची होती," ओम पुटपुटले.

ते जहाज अजून धक्क्यावरच होतं. पहिल्या दीडशे पोत्यांचं वेगळं प्रमाणपत्र मागता येत होतं. मी तपासनिसाला पत्र लिहायला बसलो. नापास माल बाजूला काढला, हे कळवावं लागतं. तो कुणाचा, हेही.

"पुरवठादार?" मी विचारलं.

ओम निको छताकडे बघू लागले.

"सांगा की," तांतेने खुर्ची पुढे ओढली. "यादीतून माझं नाव काढायला सांगताना तर पटकन बोललात."

"निकोलास तुमेवू," ओमनी स्वतःचंच पूर्ण नाव सांगितलं. मग म्हणाले, "आणि तांतेचं नाव राहू दे."

मी ते मुळात खोडलंच नव्हतं, हे त्यांना सांगितलं नाही.