दोघांच्या सहीने

दुसऱ्यांदा विम्याचे पैसे परत गेले, तेव्हा माझ्या मुलाने बस डेपोच्या ऑफिसात कारकुनाच्या टेबलावर असा हात आपटला की पाण्याचा ग्लास लवंडला.

"तुम्हाला द्यायचेच नाहीत, असं सरळ सांगा ना! माझ्या आईचं ऑपरेशन झालंय. ही बघा, इथे उभी आहे. खोटी आहे का ही?"

कारकून शांतपणे फायली उचलून पाणी पुसत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटातली गाठ काढून तीन महिने झाले होते, टाके कधीच सुकले होते, आणि माझ्या लेकाने मला पुरावा म्हणून मिरवत आणलं होतं.

"ड्रायव्हरसाहेब, विमा कंपनीने पैसे दोन्ही वेळा सोडलेत," कारकून म्हणाला. "पहिल्या वेळी तुम्ही जुन्या चेकबुकातला चेक रद्द करून दिलात. तुमची शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली, तिचा कोड बदलला. चेकवर जुनाच कोड, म्हणून पैसे परत."

"मग नवा चेक दिला ना!"

"दिलात. नाव बरोबर, नंबर बरोबर, कोड बरोबर. आता कारण आलंय, 'खाते गोठवलेले'. का गोठवलं ते मला दिसत नाही. बँकेत विचारा. आणि दोनदा परत आल्यामुळे आता सगळं नव्याने लागेल. फॉर्म, रद्द केलेला चेक, तुमचं ओळखपत्र आणि पेशंटचं ओळखपत्र. आजींच्या कार्डाची प्रत मागच्या वेळी पुसट होती, फोटो काळा आला होता. या वेळी मूळ कार्ड घेऊन या, मी इथेच पडताळून शिक्का मारतो."

"माझ्या सुनेच्या खात्यात नाही का घालता येणार?" मी विचारलं. "हॉस्पिटलात पैसे तिने भरलेत."

"नाही हो आजी. पॉलिसी कर्मचाऱ्याची, पैसे कर्मचाऱ्यालाच. चेकवर त्याचं नाव छापलेलं पाहिजे. सोबत दुसरं कोणाचं असलं तरी चालतं, पण त्याचं पाहिजेच."

रस्ताभर तो बडबडत होता. त्याचं पगाराचं खातं मला माहीत होतं. मोबाईलवरच्या जुगारापायी घेतलेल्या कर्जांचे हप्ते तिथे टपून बसलेले. पैसा पडला रे पडला की गिळला. म्हणून तर त्याने नवराबायकोच्या जोडखात्याचा चेक दिला होता. घरी सांगताना आव असा, की बायकोवर उपकारच केले. आणि त्या खात्याचं कार्ड कोणाच्या खिशात? याच्याच.

बँकेतल्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"तुमच्या मिसेसनी अर्ज दिलाय. दोघांत वाद आहे म्हणून. खातं 'दोघांपैकी कोणीही' असं असलं तरी एकाने वाद कळवला की आम्ही व्यवहार थांबवतो. आता तुम्ही दोघांनी मिळून लिहून दिल्याशिवाय काही निघणार नाही आणि काही जमाही होणार नाही."

त्याचा चेहरा लाल झाला. "बघितलंस? बघितलंस तुझ्या लाडक्या सुनेने काय केलं ते?"

बघितलं होतं मी. आणि खरं सांगते, राग मलाही आला. आधी तिचाच आला. नवऱ्याविरुद्ध बँकेत कागद देते, आणि मला एका शब्दाने सांगत नाही? मग आठवलं, की मी आयसीयूबाहेर स्ट्रेचरवर होते तेव्हा काउंटरवर तिने पर्स उलटी केली होती. शिवणकामातून साठवलेले, चौकातल्या गाळ्याच्या अनामतीचे पैसे. गाळेवाला आता या महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता, नंतर तो गाळा दुसऱ्याला देणार होता. आणि तेव्हा हा कुठे होता? जिन्यात. फोनमध्ये डोकं घालून. माझा राग वळला, तो याच्यावर.

तो पाय आपटत बाहेर गेला. मी काउंटरवर वाकून विचारलं, "बाई, दोघांच्या सह्या असल्याशिवाय पैसा हलणारच नाही, असं खातं मिळतं का?"

"मिळतं की. पहिलं नाव त्यांचं, दुसरं मिसेसचं, व्यवहार दोघांच्या सहीने. त्यावर कार्ड मिळत नाही, मोबाईलवरून पैसे काढता येत नाहीत. चेकवर दोघांची सही."

घरी पोचलो तर सून मशीनवर बसली होती. तो दारातूनच ओरडला.

"लाज नाही वाटत? माझंच खातं बंद करतेस?"

तिने पाय थांबवला, पण उठली नाही. "वाटते ना. चार वर्षं वाटत होती. बोनस गेला तेव्हा वाटली, घरभाडं गेलं तेव्हा वाटली. आता संपली."

"पैसे मला मिळणार नसतील तर तुलाही नाही मिळणार. मी फॉर्मवर सहीच करत नाही, जा!"

"मग राहू देत कंपनीकडे. निदान तिथे जुगार खेळत नाही कोणी."

"आई, तुझं ओळखपत्र दे," तो माझ्याकडे वळला. "मी माझ्या मित्राबरोबर नवं खातं काढतो, बघतो कोण अडवतं."

"नाही देणार," मी म्हटलं.

मी कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. त्यामुळे त्याला आधी ऐकूच आलं नाही.

"काय?"

"कार्ड माझं आहे. त्यावर तोंड माझं आहे. पोट माझं फाडलं होतं. तू माझ्या दुखण्यावर पत्ते खेळणार असशील तर मी ते चुलीत घालेन, पण तुला देणार नाही. दोघांच्या सहीचं खातं उघडायचं. पहिला चेक रद्द करून कंपनीला. दुसऱ्या चेकवर हिचं नाव, पूर्ण रक्कम आणि तुझी सही, आत्ताच. तारीख पैसे जमा झाल्यावर घालू. हे दोन्ही चेक माझ्या हातात आले की कार्ड तुझ्या हातात."

"तू आई आहेस की सावकार?"

"तुझ्यासारख्याला दोन्ही लागतात."

तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही नाही. जेवायला बसला की ताट मी सरकवायचे, तो भिंतीकडे बघून जेवायचा. पण त्याला कर्जवाल्यांचे फोन येत होते. पैसे आले तर निदान घरातली कटकट तरी थांबेल, असा त्याने हिशेब केला असावा. नवव्या दिवशी दोघं बँकेत जाऊन आली. पाठोपाठ चालत गेली, अनोळखी माणसांसारखी. चेकबुक आलं.

पहिल्या चेकवर सुनेने दोन तिरप्या रेघा ओढल्या आणि मध्ये 'रद्द' लिहिलं, नावं, नंबर आणि कोड स्वच्छ दिसतील असं. सही कोणाचीच नाही. दुसऱ्यावर तिने आपलं नाव आणि रक्कम लिहिली, सही केली आणि चेक त्याच्यापुढे सरकवला.

त्याने पेन उचललं आणि फर्रकन सही ठोकली. "घ्या. झालं समाधान?"

मी कार्ड काढायला बटव्यात हात घातला होता. सुनेने मला थांबवलं. तिने फॉर्मबरोबर द्यायला ठेवलेलं त्याचं लायसन्स उचललं, त्यावरची सही चेकशेजारी धरली आणि बराच वेळ बघितली.

"ही तुमची सही नाही."

"माझीच आहे. हात हलला."

"गाडीचं स्टिअरिंग धरताना नाही हलत. बँकेत दिलेल्या नमुन्याशी जुळली नाही तर हा चेक परत येईल. तुम्हाला तेच पाहिजे."

त्याने पेन खाली टाकलं. म्हणजे तेच पाहिजे होतं. माझ्या पोटच्या पोराने, माझ्यासमोर, बायकोला फसवायला स्वतःचीच सही खोटी केली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं, पण रागाने तेही येऊ दिलं नाही.

सुनेने तो चेक टराटरा फाडला, नवा लिहिला, आपली सही केली आणि त्याच्यापुढे ठेवला. लायसन्स शेजारी ठेवलं, उताणं.

"बघून करा," ती म्हणाली. "चेकबुकात अजून बरेच आहेत."

मी बटव्याचं तोंड आवळलं आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखं एकेक अक्षर जपून, खरी सही केली.