हौशीराममामांना फॅक्स केला नाही त्याची गोष्ट

शिरूरच्या कारखान्यात सविताच्या टेबलावर फोनच्या शेजारी फॅक्सचं मशीन होतं, आणि त्या मशीनवर तिचा फार जीव. फोनवर कुणाशी वेळ ठरली, की रिसीव्हर ठेवल्याठेवल्या बाई कागद ओढायची. ‘आज फोनवर ठरल्याप्रमाणे अमुक तारखेला अमुक वाजता गाडी येईल. मान्य असल्यास सही करून परत पाठवावे.’ समोरच्याची सही येईपर्यंत तिला चैन पडायचं नाही. सही आली की एक प्रत फायलीत, एक गेटवर, एक साहेबांच्या ट्रेमध्ये. तो कागद ट्रेमध्ये पडला म्हणजे साहेबांना कळलं. वेगळं जाऊन सांगायची रीतच नव्हती. ट्रान्सपोर्टवाले तिला चिडवायचे, “बाई, जेवलो का त्याचाबी फॅक्स धाडू का?”

शनिवारी दुपारी दौंडहून हौशीराममामांचा फोन आला. दौंडात मामांची एकुलती एक क्रेन. कारखान्याचं वर्षाचं काम त्यांच्याकडे होतं, त्यावर घर चालायचं. सोमवारी नवं मशीन ट्रेलरवरून उतरवायला त्यांना सकाळी सातला बोलावलं होतं, आणि सविताच्या डायरीत तसं लिहिलेलं होतं.

“सविते, सातला न्हाई जमायचं. सकाळी रेल्वेच्या यार्डात काम हाय. आकराला येऊ का?”

“या की मामा. ट्रेलर दुपारपर्यंत थांबणारच आहे. अकराचं पक्कं करू. लगेच फॅक्स पाठवते, एसटीडी बूथवर जाऊन तेवढी सही…”

“आता गं! माझ्याकडनं बी सही? तुझ्या आप्पाच्या शेजारी जल्म गेला माझा, राहू गावात. तुला खांद्यावर घेऊन जत्रा दावलीय. आन् तू माझ्याकडनं कागद घेणार व्हय?”

मामा हसत म्हणाले, पण सविता मेल्याहून मेल्यासारखी झाली. माहेरच्या माणसाकडे सही मागायची? उद्या वडिलांच्या, आप्पांच्या कानावर गेलं तर ते काय म्हणतील?

“राहू द्या मामा,” ती म्हणाली. “अकरा म्हणजे अकरा.”

झालं! कागद नाही, म्हणून गेटवर प्रत नाही आणि साहेबांच्या ट्रेमध्येही नाही. साहेब त्या दिवशी पुण्याला होते. सोमवारी आल्यावर सांगू असं म्हणून ती घरी गेली, आणि रविवारच्या धबडग्यात विसरली. डायरीतला सातचा आकडाही तिनं खोडला नाही.

सोमवारी नऊला ती कामावर आली, तर पुण्याहून आलेले आठ फिटर सातपासून ताटकळलेले, लाईन बंद आणि साहेबांचं तोंड लाल. शनिवारचं बोलणं तिला तेव्हा आठवलं, पण ते तोंड बघून सांगायचा धीर झाला नाही. साहेबांना मामांचा फोन लागेना, ते यार्डात होते. अकराला पाच मिनिटं कमी असताना क्रेन गेटातून आत आली. वरून मामा हात हलवत होते. ठरल्यापेक्षा लवकर आलो म्हणून खुशीत होते बिचारे.

मशीन उतरल्यावर साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“चार तास उशीर, हौशीराम?”

“उशीर कुठला सायेब? आकराचंच ठरलं हुतं. इचारा सविताला.”

साहेब तिच्याकडे वळले. “किती वाजताचं ठरलं होतं? कागद दाखवा.”

कागद असता तर दाखवला असता ना! तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि पुढच्याच महिन्यात यादी लागायची होती. मामांचा फोन आला होता, मीच सांगायला विसरले, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तिनं डायरी उघडून पुढं केली.

“डायरीत सातच लिहिलंय, साहेब.”

तिचं बोलणं खोटं नव्हतं, आणि तेच फार वाईट होतं.

मामा डायरीकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. तिनं मान खाली घातली. साहेब म्हणाले, दुसरा क्रेनवाला बघावा लागेल, पुढच्या महिन्यापासून येऊ नका. सविताला वाटलं, आता मामा बोलतील. शनिवारच्या फोनचा विषय काढतील, ओरडतील. ओरडले असते तर तिनं कबूल केलं असतं, असं ती पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिली.

“पोरीनं लिव्हलंय म्हंजी बराबरच आसंल सायेब,” मामा म्हणाले. “माझ्याच डोक्यात काय तरी घोळ झाला.”

ती त्यांच्या मागोमाग क्रेनपर्यंत गेली. काहीतरी बोलावं म्हणून गेली. मामांनी टोपी झटकली आणि वर चढले.

“सविते, दिवाळीला राहूला आलीस की घरी ये. आन् काळजी करू नगं, आप्पाला मी यातलं काय बी सांगत न्हाई.”

“बरं मामा,” एवढंच ती म्हणाली.

क्रेन गेटाबाहेर गेली. ती परत आत आली. केबिनचं दार उघडं होतं, साहेब एकटेच बसले होते. ती दारावरून पुढं गेली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली.