कर्नलचं मशीन

ऑफिसात त्याला सगळे 'कर्नल' म्हणत. फौजेशी त्याचा संबंध शून्य. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात चालणारे आणि यंत्राला संगणकाशी बोलायला लावणारे ड्रायव्हर प्रोग्राम तो लिहायचा, म्हणून एका टवाळाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. कंपनी पॅकिंग मशीनचे वजनकाटे बनवायची. मशीनमध्ये लिनक्स, पण ऑफिसात सगळ्यांना लॅपटॉप विंडोजचे. म्हणून कर्नलने विंडोजच्या पोटात एक पूर्ण व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा दुसरा आभासी संगणक, थाटलं होतं. त्यात लिनक्सची आवृत्ती आणि कर्नल हुबेहूब ग्राहकाच्या कारखान्यातल्यासारखे. ते सुरू केलं की अर्धी मेमरी गिळून बसायचं आणि पंखा असा घरघरायचा, की शेजारचा म्हणायचा, "कर्नल, विमान उडालं वाटतं!"

टीम लीड मुलगी त्याच्याच हाताखाली तयार झालेली. तिने एके दिवशी खुर्ची ओढली. "सर, एकदा डब्ल्यूएसएल वापरून तर बघा. विंडोजमध्येच लिनक्स, टर्मिनल उघडलं की हजर."

कर्नलने नाक मुरडलं, पण बसवलं. प्रोजेक्टचा फोल्डर होता तिथेच, सी ड्राइव्हवर ठेवून बिल्ड, म्हणजे कोडमधून प्रोग्राम बांधायचं काम, लावला, तर गोगलगाय बरी.

"हेच का तुझं हजर?"

"कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा ना. विंडोजच्या फायली तिकडून वाचायला वेळ लागतो."

हलवला, आणि बिल्ड भराभर झाला. गिट, ग्रेप अशी नेहमीची हत्यारं, रोजच्या स्क्रिप्टा, सगळं हाताशी. आठवडाभरात तो स्वतःहून म्हणाला, "रोजच्या कामाला हेच बरं. मी उगाच हट्ट धरून बसलो होतो. पण ड्रायव्हरसाठी माझं मशीन राहू दे. डब्ल्यूएसएलचा कर्नल वेगळा. कारखान्यातल्या कर्नलसाठी बांधलेला ड्रायव्हर त्यात चढणारच नाही. शिवाय माझ्या मशीनचा स्नॅपशॉट, आहे त्या स्थितीची अख्खी नक्कल, घेतलेला असतो. कोसळलं तरी दोन मिनिटांत पूर्वपदावर."

"अगदी बरोबर, सर," ती म्हणाली.

मॅनेजरसमोरच्या बैठकीत मात्र वारं फिरलं. मॅनेजरला सगळ्यांची एकच पद्धत हवी होती. "दोन दोन गोष्टी कशाला सांभाळायच्या?"

कर्नलने आपलं म्हणणं मांडलं. मॅनेजरने लीडकडे पाहिलं. ती म्हणाली, "तसं आपण वापरतो ते डब्ल्यूएसएल टू म्हणजे आतून व्हर्च्युअल मशीनच असतं, सर."

ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मशीन असेल, पण त्यातला कर्नल कारखान्यातला नव्हता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. "झालं तर मग," मॅनेजर म्हणाला. कर्नलने तिच्याकडे पाहिलं. ती लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. सोमवारी आयटीवाल्याने त्याचं मशीन काढून टाकलं, स्नॅपशॉटसकट.

पुढे वजनकाट्यासाठी ड्रायव्हरचा नवा बदल आला. "हे नुसतं कंपाइल झालंय," कर्नलने तिला बजावलं. "चालवून कुठेच पाहिलेलं नाही."

"कारखान्यात जाऊनच चालवू या, सर. ग्राहकाला तारीख दिलीय."

तो एकटाच गेला. कारखान्यात पाकिटांचा पट्टा भरून चालला होता. ड्रायव्हर चढवला, काटा नीट बोलू लागला. एक आकडा सुधारायचा म्हणून त्याने ड्रायव्हर उतरवला आणि पडदा गोठला. मशीन बंद, पाकिटं पट्ट्यावर एकमेकांवर चढली. फोरमन ओरडत आला, "अहो, चालत्या लाइनवर शिकायला आलात का?"

चूक त्याचीच होती. ड्रायव्हर उतरताना त्यातला टायमर थांबवायचा राहिला होता. ड्रायव्हर गेला, टायमर वाजला, आणि जिथे काही उरलंच नव्हतं तिथे मशीनमधल्या कर्नलने पाय टाकला. त्याच्या जुन्या मशीनवर एकदा चढवून-उतरवून पाहिलं असतं, तर ही चूक चहा थंड व्हायच्या आत सापडली असती.

परतल्यावर बैठकीत मॅनेजर म्हणाला, "कोड तुमचाच ना?"

"माझाच."

मशीन का काढलं, हे कोणी विचारलं नाही. लीडने एक प्रस्ताव मांडला: ड्रायव्हरच्या चाचणीसाठी ग्राहकाच्याच कर्नलचं वेगळं व्हर्च्युअल मशीन ठेवावं, बाकी कामाला डब्ल्यूएसएल. "व्हेरी गुड," मॅनेजर म्हणाला. "असा विचार आधीच व्हायला हवा होता." आणि ड्रायव्हरचं काम तिच्या हाताखालच्या दोघांकडे गेलं.

संध्याकाळी ती त्याच्या टेबलाशी आली. "सर, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला.

ती मग हळूच म्हणाली, "ते मशीन पुन्हा उभं करायला तुम्ही मदत कराल ना? आम्हाला तसं जमणार नाही."

नाही म्हणावंसं त्याला फार वाटलं. पण त्या दोन पोरांचा ड्रायव्हरही उद्या कुठल्यातरी चालत्या पट्ट्यावर चढणार होता. त्याने बाजूची खुर्ची ओढली.

"बैस. आधी ग्राहकाकडचा कर्नल सध्या नक्की कुठला, ते विचार."