तुमच्यासमोरच उघडेन

“स्क्रूला हात नंतर लाव बाय, आधी कागद कर. आणि फोनमधून लोकांच्या घरात शिरू नकोस.” तिला हे काम शिकवणारे दत्तात्रेयकाका जाऊन वर्ष उलटलं, तरी फोन दुरुस्तीला आला की मृणालीला त्यांचा आवाज ऐकू यायचा. त्यांची खुर्ची तिने हलवली नव्हती. दुपारी दुकानात बोलायला ती खुर्चीच असायची.

पालीच्या आनंदीबाई आल्या तेव्हाही तिने आधी कागदच केला. नाव, गाव, मुलाचा नंबर, मॉडेल, डब्यावरून फोनचा आयएमईआय नंबर; काच फुटलेली, टच बंद, कडेला जुना पोचा. सिमकार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. पासवर्ड लिहायची जागा तिने मुद्दाम ठेवलीच नव्हती. पण ती नको म्हणेपर्यंत बाईंनी आकडे मोठ्याने सांगूनही टाकले. “गौरवचं जन्मसाल गो. त्यात काय लपवायचंय?” मग हळूच म्हणाल्या, “फोटो तेवढे बघू नको हां.”

“तुमच्यासमोरच उघडेन,” मृणालीने शब्द दिला.

नवा डिस्प्ले बसला. लॉक न उघडता जेवढं तपासता येतं, तेवढं तिने तपासलं. काढलेली काच पिशवीत घालून ठेवली. बाई सांगितल्या दिवशी आल्या नाहीत, पुढच्याही नाहीत. तेव्हा तिने मुलाच्या नंबरवर निरोप टाकला. गौरव बोटीवर नोकरीला होता; संध्याकाळी त्याचा फोन आला.

आईशी बोलणं होत नाही, शेजारचं घर बंद, असं तो सांगत राहिला. मागे तिचा आवाज खोल गेलेला वाटला होता. विचारलं तर नुसती हसली. कसले रिपोर्ट काढले असतील तर फोटोत असणार. “ताई, उघडून बघा ना. मी मुलगा आहे तिचा.”

ते आकडे मृणालीने लिहिले नव्हते, पण विसरताही येत नव्हते. काचेवर चार वेळा बोट टेकवलं की झालं. एवढ्या लांबून कुणीतरी आपल्या आवाजाची वाट बघतंय, असं फार दिवसांत झालं नव्हतं.

“फोन आईंच्या नावावर आहे, भाऊ. मी नाही उघडणार.”

तो कडवटपणे म्हणाला, “तुमचं दुकान नियमाने चालतं वाटतं.”

“फोन घेऊन मी पालीला जाते. त्यांच्या हातात देते. काय सांगायचं ते त्या सांगतील.”

सकाळी पूजा आटोपून ती दुकानात आली. वॉरंटीच्या कागदावर लिहिलं: डिस्प्ले आणि टच, तीन महिने, पडून फुटलं किंवा पाणी गेलं तर नाही. तारीख कोरीच ठेवली, फोन हातात पडेल त्या दिवसापासून धरायची म्हणून. बंद फोन, जुनी काच आणि कागद पिशवीत घालून तिने शटर ओढलं, आणि पालीच्या एसटीसाठी स्टँडकडे चालू लागली.