ळूगेटि

प्रयोगशाळेत तिला सगळे बटणवाली म्हणत. बिनखिडकीच्या खोलीत आईच्या मांडीवर नऊ महिन्यांचं बाळ बसे, डावीकडे किंवा उजवीकडे दिवा लुकलुके, त्याच बाजूच्या स्पीकरमधून आवाज येई. बाळ दिव्याकडे बघेल तेवढा वेळ पडद्याआडून बटण दाबून धरायचं, हे तिचं काम. त्यावरून बाळाने किती वेळ ऐकलं ते कळे. काय वाजतंय हे मात्र तिला कळता कामा नये, नाहीतर नकळत बोट रेंगाळेल. म्हणून आईच्या कानात गाणी आणि हिच्याही. सहा महिने चोवीस बाळं तिने बोटावर मोजली, पण ती काय ऐकतात ते एकदाही ऐकलं नाही.

निकाल झकास लागला. बाई, म्हणजे विभागप्रमुख, खूश होत्या. सोमवारी लेख पाठवायचा आणि त्या जोरावर बटणवालीची नोकरी आणखी दोन वर्षं वाढवून घ्यायची, असं ठरलं. बंधन उठल्यावर तिने हौसेने फाइल लावली.

आधी दोन मिनिटांची सलग धार: पाळूगेटिणोबामेळाकू... सगळं एका सुरात, मध्ये श्वासाएवढीही फट नाही. 'पा'नंतर दरवेळी 'ळू', 'ळू'नंतर 'गे'. 'गे'नंतर मात्र तीन वेगळ्या अक्षरांपैकी कुठलंही. कुठली अक्षरं कायम एकत्र येतात आणि कुठे जोडी बदलते, एवढ्या हिशेबावर बाळं शब्दाची कड शोधतात, असा बाईंचा दावा. मग परीक्षा: एकदा 'पाळूगे' हा धारेतला शब्द, एकदा 'ळूगेटि' हा दोन शब्दांचा तुकडा. बाळं तुकडा जास्त वेळ ऐकत. शब्द ओळखीचा झाला, तुकडा नवखा वाटला, असा त्याचा अर्थ लावलेला.

'ळूगेटि' ऐकून बटणवालीने फाइल थांबवली आणि तो तुकडा पुन्हा लावला. पुढचा तुकडा 'णोबामे'. तिने हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि तडक बाईंच्या खोलीत गेली.

"बाई, 'ळ'ने सुरू होणारा एक शब्द सांगा. घरातला, रोजचा."

"हे काय आता?"

"'ण'चा सांगा."

बाईंनी चष्मा काढला. अक्षरं संगणकाने निवडली होती, धारही त्यानेच जोडली होती. बाईंनी ती कागदावर तपासली, तोंडाने कधी म्हटली नव्हती.

"नऊ महिन्यांच्या बाळाला हे ठाऊक असतं, हे तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "आपल्या बोलीत शब्द कशाने सुरू होतो, कशाने नाही, ते त्याच्या कानात बसलेलं असतं. 'ळूगेटि' त्याला विचित्र वाटणारच. धार ऐकली काय, न ऐकली काय! मग हिशेब केला कुणी?"

"दोन्ही मिळून असेल. तळटीप टाकू."

"तळटीप नाही. शब्द बदलून पुन्हा करायचं. नवी बाळं."

"तीन महिने जातील! लेख नाही गेला तर तुझी मुदतवाढ नाही. शिवाय निकालच आला नाही तर?"

"नाही तर नाही."

"हट्टीपणा करू नकोस, बाळा. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

बाळा म्हटल्यावर तिचं डोकंच फिरलं. "बाळांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्या तोंडी वाटेल ते घालायचं? लेख पाठवायचा तर पाठवा. माझं नाव काढा. आणि बटण कुणी दाबलं असं विचारलं, तर मी सांगेन काय दाबलं जातंय ते!"

बाईंचा चेहरा लाल झाला. सोमवारी लेख गेला नाही. मंगळवारी त्यांनी नव्या शब्दांचा कागद तिच्यापुढे टाकला: पाबूगे, टिरोसा, मेदाकू, लोनिचा. कुठेही तोडा, तुकडा मराठी तोंडात बसेल असा.

"मोठ्याने म्हणून बघितले," बाई तुटकपणे म्हणाल्या.

घरी थोरल्या बहिणीने तिला वेड्यात काढलं. "हातची नोकरी घालवतेस, तीही एका 'ळ'पायी!" पण बोलून झाल्यावर तिनेच आपली तान्ही सगळ्यांत आधी आणून बसवली. भाचीने अर्ध्यात भोकाड पसरलं आणि बाद झाली. तेहतीस बाळं आली, नऊ रडली, चोवीस उरली. बटणवालीच्या कानात पुन्हा गाणी.

मुदत संपायच्या दिवशी बाईंनी आकडे उघडले. बाळांनी याही वेळी तुकडाच जास्त ऐकला होता. फरक मात्र आधीच्या निम्मा, कसाबसा तग धरणारा.

"निम्माच," बाई म्हणाल्या. "आणि तुझी खुर्ची गेली. मिळालं काय?"

बटणवालीने प्रयोगशाळेतल्या आपल्या कपाटाची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. तिला रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही.

"निम्मा आहे," ती म्हणाली, "पण बाळांचा आहे."