स्क्रीन विझू द्यायची नाही

दुपारी माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गर्दी नसते, म्हणून मी शटर अर्धं ओढून जेवायला बसते. त्या दिवशी एक बाई आणि एक माणूस आले; त्यांनी वाकून आत येण्याचीही तसदी घेतली नाही, शटरच वर केलं. माझं डोकं फिरलं. पण बाईच्या हातातला फोन बघितला आणि डबा बाजूला सरकवला.

फोनला केबल लावलेली, केबल पॉवर बँकेला, आणि केबलचं टोक रबरबँडने फोनशी वर खेचून बांधलेलं. बाई अंगठ्याने स्क्रीनचा रिकामा कोपरा दाबत होती. सोडायची, पुन्हा दाबायची.

"स्क्रीन विझली तर लॉक होईल," सोबतचा माणूस म्हणाला. "दादाचा पॅटर्न कुणाला माहीत नाही."

दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ, बाईचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करायचा. मोटरचा आवाज बिघडला की तो फोनवर रेकॉर्ड करायचा, घरी येऊन पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि काय घासतंय ते शोधायचा. गेल्या आठवड्यात असंच रेकॉर्डिंग चालू असताना त्याच्या छातीत कळ आली. कामावरच्या जोडीदाराने त्याला खाली आणलं, पण काही उपयोग झाला नाही. फोन चालूच होता; रेकॉर्डिंग चालू असेपर्यंत त्याची स्क्रीन विझत नसे. बऱ्याच वेळाने जोडीदाराच्या लक्षात आलं, त्याने रेकॉर्डिंग थांबवून फोन तसाच उघडा घरी आणून दिला. तेव्हापासून सासू, सून आणि दीर पाळीपाळीने स्क्रीनला बोट लावत बसले होते. दुसरं काहीही दाबायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

"ते शेवटचं रेकॉर्डिंग ऐकलंत?" मी विचारलं.

"नाही," बाई म्हणाली. "हिंमत झाली नाही. मी एकटी असताना ऐकणार होते. पण घरात माणसं हलतच नाहीत."

बॅटरी आठ टक्के होती.

"वहिनी, सांगा ना त्यांना," दीर म्हणाला. "आधी तासाला भरपूर चढायची. मग रखडायला लागली. केबल जरा वाकवली की चार्जिंग यायचं, म्हणून वर दादाचा पाना ठेवायचो. काल तर पाना ठेवूनही ये-जा करत होतं."

म्हणजे दिवसरात्र त्या बिचाऱ्या भोकावर पाना. मी कपाळावर हात मारला नाही, एवढंच.

आधी केबल बदलली. त्यांच्या केबलची मान आतून तुटत आली होती, हलवली की माझ्या छोट्या मीटरवरचा आकडा शून्यावर जायचा. माझी खात्रीची केबल आणि खात्रीचा चार्जर लावला. आकडा उठला, पण जेमतेम. उघड्या स्क्रीनला लागते त्यापेक्षा कमी वीज आत जात होती. म्हणजे दोष फक्त केबलचा नव्हता. प्लग पूर्ण आत जात नव्हता, बाहेर रेघभर राहत होता.

भिंगातून पाहिलं. पोर्टच्या तळाशी कापसासारखा मळ ठासून बसलेला. खिशातला धागा, धूळ, ग्रीसचा काळा अंश. असं साफ करायचं तर फोन बंद करून करावं, पण इथे तीच तर अडचण होती. सुई घातली तर आतल्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या जाण्याची भीती. मी लाकडी टूथपिक तासून पातळ केलं आणि कडेकडेने मळ उकरून काढला. मग कोरडा ब्रश आणि फुंकणी. बाईचा अंगठा माझ्या बोटांशेजारी स्क्रीनवर चालूच होता.

केबल लावली. प्लग टकदिशी आत बसला आणि मीटरवरचा आकडा झरझर चढला. दीर इतका हसला की मलाही बरं वाटलं.

दोन श्वास घेतले असतील, आकडा पुन्हा कोसळला.

पुन्हा भिंग. आता मळ नव्हता, म्हणून खरं काय ते दिसलं. पोर्टच्या मधली जीभ एका बाजूला कललेली. पट्ट्यांवरचा सोनेरी मुलामा घासून गेलेला, दोन पट्ट्या जळून काळ्या पडलेल्या. पान्याच्या वजनाने प्लग तिरका दाबून दाबून ती जीभ हलवून टाकली होती. जे करून त्यांनी फोन जिवंत ठेवला, त्यानेच तो मारत आणला होता. मी हे बोलले नाही. दिराने भिंगातून स्वतः पाहिलं आणि भिंग हळूच परत ठेवलं.

"पोर्ट बदलावा लागेल," मी म्हणाले. "काम सोपं आहे. पण बॅटरी सोडवावी लागते. फोन बंद होणार."

"मग नको," बाई म्हणाली.

"मागचं झाकण गोंदाने चिकटलंय. बंद न करता उघडून काही करायचं तर तेवढा वेळ आता बॅटरीत नाही. रेकॉर्डिंग आधी दुसऱ्या फोनवर घेऊ."

"कॉम्प्युटरला लावून पाहिलं," दीर म्हणाला. "त्याला फोन दिसलाच नाही."

"अशा पोर्टमधून कसा दिसेल? ब्लूटूथने पाठवू."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस बोटं लावून बसले, पण पाठवण्याचं बटण दाबायला कुणी धजावलं नव्हतं. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट काहीतरी वाटलं.

बॅटरी पाच टक्के झाली. रेकॉर्डिंगची यादी उघडली. सगळ्यात वर ते शेवटचं होतं, खूप लांबलचक. तिने मला विचारलं, "इथेच लावून ऐकू, की पाठवायचं?"

"पाठवलं तर कायमचं राहील," मी म्हणाले.

"पाठवा मग. घरी दार लावून ऐकेन."

माझी एक सवय आहे. कुठलंही मोठं काम करण्याआधी छोटं करून बघते. दोन्ही फोन नीट जुळलेत का, फाइल उघडते का, म्हणून आधी यादीतलं सगळ्यात छोटं रेकॉर्डिंग बाईच्या फोनवर पाठवलं. पोचलं. उघडलं. मग मोठं पाठवायला लावलं.

निळी पट्टी सरकायला लागली. मी केबल बोटाने धरून होते, जिथे जरा वीज येते तिथे दाबून. मीटर एकदा उठायचा, एकदा पडायचा. तीन टक्के. दोन. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली. दीर पुटपुटत होता. बाई पुटपुटत नव्हती, अंगठा फिरवत होती.

पट्टी जवळजवळ टोकाला आली आणि फोन बंद झाला.

काळ्या स्क्रीनवरही तिचा अंगठा काही वेळ चालूच राहिला. शेवटी दिराने तिचा हात धरला. तिच्या फोनवर लिहून आलं होतं, फाइल मिळाली नाही. अर्धवट काही राहत नाही. मी तरीही शोधून पाहिलं.

संध्याकाळपर्यंत मी नवा पोर्ट बसवला. ती दोघं बाकावर बसून होती. माझा डबा तसाच राहिला. केबल लावली, हलवली, वाकवली, मीटरवरचा आकडा तसूभरही हलला नाही. बॅटरी भराभर चढली. फोन चालू झाला आणि त्याने नऊ ठिपके दाखवून पॅटर्न मागितला. बाईने मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, मग स्वतःच्या, मग घराचा आकार. मग आणखी दोन चुकले आणि फोनने थांबायला सांगितलं.

तिने तो फोन पर्समध्ये ठेवला आणि स्वतःचा काढला. ते छोटं रेकॉर्डिंग लावलं. मोटरची घरघर, मध्ये काहीतरी घासल्याचा बारीक आवाज, मग पुन्हा घरघर. बोलणं काहीच नाही.

"फोन हातात धरून तो उभा असणार," ती म्हणाली. "मोटरच्या अगदी जवळ. तुम्ही आवाजाचं काम करता ना? त्याचा श्वास ऐकू येतो का बघा."

मी आवाजाचं काम करत नाही. तरी फोन कानाला लावला, रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही येत," मी म्हणाले.

"मलाही नाही येत," ती म्हणाली, आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं.