अंगठ्याखालचा शब्द

वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट बाई वीस वर्षं टायपिंग करत होत्या. त्या दिवशी साडेबाराला एका तरुणाच्या जामिनाची सुनावणी होती, आणि साक्षीदाराच्या हस्तलिखित जबाबाची टाइप केलेली प्रत त्याआधी हवी होती. ज्युनिअर वकिलाने कोर्टाच्या फाइलमधून मोबाइलवर घाईघाईत काढलेले फोटो त्यांच्यासमोर होते.

पहिल्या पानाची उजवी कड कापली गेली होती. ओळीच्या शेवटी ‘वॉचम’ दिसत होतं. तिथे दुसरं अक्षर येणं शक्यच नव्हतं, म्हणून बाईंनी ‘वॉचम[न]’ असं टाइप केलं. त्याच पानाच्या शेवटच्या ओळीवर मात्र त्यांचा हात थांबला. ‘मी त्याला फाटकातून आत जाताना पाहि’ एवढंच वाचता येत होतं आणि पुढे ज्युनिअरचा अंगठा आला होता. दुसरं पान सुरू होत होतं ‘तिथे अंधार होता’पासून.

समोरच्या बाकावर तरुणाची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

वकीलसाहेब घड्याळाकडे बघत आत आले. पुढे अंधार म्हटलंय, म्हणजे ‘पाहिले नाही’च असणार, टाका आणि मोकळ्या व्हा, असं त्यांचं म्हणणं. बाईंनाही तसंच वाटत होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. समोर आई बसलेली असताना ‘नाही’ हा शब्द आपोआप बोटांवर येत होता.

त्यांनी टाइप केलं, ‘पाहि[पुढील मजकूर बोटाखाली झाकलेला]’.

“बाई, कोर्टात हे वाचून दाखवू?”

“साहेब, खाली ‘मूळ प्रतीबरहुकूम’ म्हणून सही तुम्हीच करणार. मूळ कागदाची प्रत समोरच्या वकिलांकडेही आहे.”

साहेबांचा चेहरा उतरला. अकरा चाळीस झाले होते. ज्युनिअरला पुन्हा रेकॉर्ड रूमकडे पिटाळलं. कागद सपाट ठेव, कोपरे पट्टीने दाब, चारही कडा दिसू देत, असं बाईंनी त्याला दोनदा बजावलं. मग सगळे वाट बघत राहिले. आईने हळूच विचारलं, “ताई, काय असेल हो तिथे?”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

बारा वाजून पाच मिनिटांनी फोटो आला. अंगठ्याखालचा मजकूर आता पूर्ण दिसत होता: ‘पाहिल्यासारखे वाटते.’

साहेबांनी ओळ दोनदा वाचली आणि कपाळावरचा घाम पुसला. ‘नाही’ टाकून गेलो असतो तर समोरच्याने मूळ कागद दाखवून तोंडघशी पाडलं असतं, एवढंच ते पुटपुटले. बाईंनी कंस काढून ओळ पूर्ण केली आणि प्रिंट दिली.

जामीन मिळाला. साक्षीदारालाच खात्री नाही, असा सगळा युक्तिवाद साहेबांनी त्या ‘वाटते’वरच उभा केला होता. संध्याकाळी आई मुलाला घेऊन आली. बाईंचे आभार मानता मानता तिला हुंदका आला. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.